दहा जास्त

तालुक्याच्या वाचनालयात दर उन्हाळ्यात आम्ही कथालेखनाची दोन दिवसांची बैठक घेतो. यंदा दिलेला विषय एका ओळीचा होता: शाळेच्या पहिल्या दिवशी एक मुलगी वडिलांनी हाताने लिहिलेल्या यादीवरून आपलं दप्तर तपासते. लिहायला दीड तास दिला. वह्या गोळा करून रात्री वाचायला बसले, तर निम्म्याहून अधिक कथांमध्ये वडील वारलेले होते. कुणाचे अपघातात, कुणाचे करोनात, एकाचे सीमेवर. यादी हे त्यांचं शेवटचं अक्षर, आणि त्यावर मुलीचा एक थेंब पडून शाई फुटते. शाई तर जवळपास सगळ्यांचीच फुटली होती.

दोष लिहिणाऱ्यांचा म्हणवत नाही. विषयालाच तो उतार आहे. माणूस घरात असेल तर यादी कशाला लिहील, तोंडानेच सांगेल. कागद आला म्हणजे माणूस तिथे नाही, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर. पुढे घसरगुंडी होते, कारण ‘नाही’ म्हणजे कायमचाच नाही असं आपण धरून चालतो. मग गोष्ट मरणाची होते आणि दप्तर नुसतं निमित्ताला उरतं. मला ती दप्तराचीच हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर मीही एक गोष्ट लिहून दाखवली. ती कशी जुळत गेली, ते इथे सांगते.

पहिला प्रश्न, वडील कुठे आहेत? जिवंत आहेत, घरचे आहेत, पण त्या सकाळी नाहीत. मी त्यांना एसटीत वाहक केलं आणि मुक्कामी गाडीवर पाठवलं. ज्यांच्या गावात अशी गाडी येते त्यांना सांगायला नको. संध्याकाळी डेपोतून निघालेली गाडी शेवटच्या गावात रात्र काढते आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत फिरते. चालक-वाहक तिथेच कुठेतरी पथारी टाकतात, नाहीतर गाडीतच आडवे होतात. म्हणजे मुलीच्या शाळेचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा तिचा बाप चाळीस किलोमीटरवर तिकिटं फाडत असतो. (आता यंत्रातून काढतो, पण बोलताना अजून ‘फाडत’च असतो.) रडण्यासारखं काही नाही, पण माणूस तिथे नाही हे मात्र खरं.

वाहक करण्यात माझा आणखी एक स्वार्थ होता. हा माणूस उभं आयुष्य ताळा जुळवत असतो. किती तिकिटं गेली, किती पैसे आले, वेबिलवर काय लिहिलं. अशा माणसाची यादी शिक्षकाच्या किंवा शिंप्याच्या यादीसारखी दिसणार नाही. गोष्टीत यादी घालायची तर ती कुणाची आहे, हे मजकुराआधी तिच्या घडणीवरून कळलं पाहिजे. मी कागदही पाठकोरा दिला. पुढच्या बाजूला ड्युटीचं काहीतरी छापलेलं, मागे निळ्या पेनाने लिहिलेलं:

१) डबा
२) पाणी
३) वही २
४) कंपास (पेन २, चालतात)
५) रुमाल
६) छत्री
७) पिशवी १, मोकळी
८) सुटे: १० + १०

एवढंच. वर ‘चि.’ नाही, खाली ‘तुझे पप्पा’ नाही, ‘नीट जा’ नाही. चौथ्या ओळीतला ‘चालतात’ हा एक शब्द सोडला तर कुठे मायेचा मागमूस नाही. त्या शब्दातही नाही म्हणा. फक्त रात्री निघण्यापूर्वी बापाने दोन्ही पेनं कशावर तरी गिरवून पाहिली आहेत, एवढं त्यातून कळतं. बैठकीत एका बाईंनी यादीच्या शेवटी ‘आणि माझे आशीर्वाद’ अशी नववी ओळ लिहिली होती. ती मी खोडायला लावली. दप्तरात हात घालून जे सापडत नाही ते या यादीत येऊ शकत नाही. एकदा ते आलं की यादीचं पत्र होतं, आणि पत्राची गोष्ट वेगळी लिहावी लागते.

नुसत्या दुसऱ्याच्या बोलण्यावर किंवा लिहिण्यावर गोष्ट उभी राहते का, अशी शंका एकाने काढली. मराठीत तरी ही शंका यायला नको. दिवाकरांनी १९११ सालापासून लिहिलेल्या नाट्यछटांमध्ये बोलणारा एकच असतो. समोरच्याचं बोलणं त्याच्या उत्तरांतून आपल्याला ऐकू येतं. वडिलांची यादी ही तशीच एकतर्फी छटा आहे, फक्त समोरचं माणूस या वेळी शब्दांनी नाही तर वस्तू काढून उत्तर देतं. तिकडे जमेका किंकेड या अँटिग्वातून अमेरिकेत गेलेल्या लेखिकेची ‘गर्ल’ नावाची कथा आहे, १९७८ सालची. आईने मुलीला दिलेल्या सूचनांची लांबच लांब माळ, कपडे कसे धुवावेत, जेवावं कसं, चालावं कसं. अख्खी कथा म्हणजे एकच वाक्य. मुलगी मध्ये फक्त दोनदा तोंड उघडते. तरी वाचून झाल्यावर दोघीही आपल्याला माहीत झालेल्या असतात. त्या कथेत सूचना वाढत जातात आणि त्यांच्या भाराखाली मुलगी दबत जाते. आपल्या गोष्टीत यादी आठ ओळींचीच आहे, तेव्हा इथे भार चालणार नाही. इथे काहीतरी जुळलं नाही पाहिजे.

ते काय, याकडे येण्यापूर्वी दप्तराबद्दल.

जमा झालेल्या वह्यांमध्ये दप्तर हटकून फुगलेलं होतं. नव्या पुस्तकांचा वास, तपकिरी कव्हरं, वाकलेली पाठ. आता आमची मुलगी पाचवीत जाते आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतची, म्हणून ती तालुक्याच्या हायस्कुलात निघाली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं मुलांना फुकट मिळतात आणि ती शक्यतो शाळा उघडते त्याच दिवशी वर्गात वाटतात. मग घरून निघताना दप्तरात पुस्तकं आली कुठून? पहिल्या दिवशी दप्तर जाताना हलकं असतं आणि येताना जड. हे ज्याला ठाऊक आहे तोच बाप सातवी ओळ लिहील: ‘पिशवी १, मोकळी.’

दप्तराच्या वजनाची ओरड जुनी आहे. आर. के. नारायण राज्यसभेवर नियुक्त खासदार होते, तेव्हा १९८९ साली ते सभागृहात पहिल्यांदा बोलले ते मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल. पुढे १९९३ मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला, आणि २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणाने मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं असं सांगितलं. तिसरी ते पाचवीसाठी त्यात दीड ते अडीच किलोच्या दरम्यानचे आकडे आहेत. गोष्टीत यातलं काहीही येत नाही, येऊही नये. पण लिहिणाराला ते माहीत असलं की ‘वजनाने ती वाकली’ असं वाक्य पेनातून उतरत नाही. पाण्याने भरलेली बाटली, डबा, दोन वह्या, छत्री. हे दप्तर पाठीला लागत नाही, उलट धावताना लटपटतं. टिम ओब्रायन या अमेरिकी लेखकाची व्हिएतनाम युद्धावरची ‘द थिंग्ज दे कॅरीड’ ही कथा सैनिकांच्या पाठीवरच्या वस्तूंची वजनासकट मोजदाद करत जाते. वजनं अचूक दिलेली आहेत म्हणूनच, पुढे तो ज्याचं वजन करता येत नाही अशा ओझ्याबद्दल बोलायला लागतो तेव्हा आपण मुकाट ऐकतो.

आता आठवी ओळ. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. मग सुटे पैसे कशाला? कारण तो पास शाळा सुरू झाल्यावर, शाळेमार्फत हातात पडतो. पहिल्या दिवशी तिकीट काढावंच लागतं. मुलगी दहा वर्षांची, बारापर्यंत अर्धं तिकीट. गाव दोन टप्प्यांवर, म्हणजे साधारण बारा किलोमीटर. अर्ध्याचे दहा रुपये धरले. जायचे दहा, यायचे दहा. बापाने ते ‘२०’ असे लिहिले नाहीत, ‘१० + १०’ लिहिले, आणि दहाची दोन नाणी ठेवली. विसाची नोट दिली तर समोरचा वाहक वैतागेल, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

इथपर्यंतची तयारी झाल्यावर गोष्ट लिहायला घेतली. सुरुवात अशी:

“सहाला पाच कमी होते. तिने यादी फरशीवर ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर पाय ठेवला. डबा. होता, अजून गरम. तिने पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली. पाणी. बाटली हलवून पाहिली. वही दोन. दोनच होत्या. कंपास. उघडला. दोन पेनं. तिने दोन्ही तळहातावर ओढून पाहिली. चालत होती. ‘अगं, झालं का?’ आतून आई म्हणाली. ‘चौथ्यावर आहे,’ ती म्हणाली.”

तिला नाव दिलेलं नाही. घरात तिघंच, आई ‘अगं’ म्हणते, नाव लागलंच नाही. ‘चौथ्यावर आहे’ हे उत्तर मात्र मला हवं होतं. आईला ते कळत नाही, आपल्याला कळतं.

असं एकेक करत ती आठव्या ओळीवर येते. औषधाच्या दुकानात गोळ्या घालून देतात तसल्या कागदी पाकिटात दहाची दोन नाणी. खूण. आठ ओळी, आठ खुणा. आणि गोष्ट इथे अडकते, कारण सगळं जुळलं. सगळं जुळलं तर ती गोष्ट नव्हे, हजेरी.

बहुतेकांनी या जागी एक वस्तू हरवली होती. खोडरबर सापडत नाही, शोधाशोध, गाडीचा हॉर्न. ही वाट वाईट नाही, पण तिच्यात एक अडचण आहे. वस्तू कमी निघाली तर चूक बापाची किंवा मुलीची, आणि गोष्टीला लगेच कुणाला तरी माफ करत बसावं लागतं. मी दुसरी बाजू पाहिली. यादीवरून दप्तर तपासलं तर काय राहिलं ते कळतं. यादीत नसलेलं काही दप्तरात आहे का, हे त्या पद्धतीने कधीच कळत नाही, कारण त्या वस्तूसाठी ओळच नसते. ते कळायला उलटं जावं लागतं. दप्तर रिकामं करायचं आणि प्रत्येक वस्तूसाठी यादीत ओळ शोधायची. कोठारात मालाची मोजणी करणारे, दुकानात वर्षअखेरीला माल मोजणारे दोन्ही बाजूंनी जातात ते यासाठीच. दहा वर्षांच्या मुलीला हे कोण शिकवणार? कुणी शिकवायला नको, तिने पाहिलेलं असतं.

“अजून वेळ होता. पप्पा घरी आले की आपली पिशवी खाटेवर पालथी करतात, तशी तिने दप्तर सतरंजीवर पालथं केलं. मग एकेक वस्तू उचलून यादीत तिची जागा पाहून आत ठेवायला लागली. रुमाल, पाच. छत्री, सहा. कंपास उचलला तर आतलं सगळं खाली सांडलं. तळाशी असतो तो पाढ्यांचा कागदही निघाला. त्याच्याखाली चार घड्या घातलेली दहाची नोट होती.”

बैठकीत हे वाचलं तेव्हा दोघीतिघींच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. त्यांना वाटलं, आता मुलगी नोट छातीशी धरणार. पण ती वाहकाची मुलगी आहे. वाहकाच्या हिशेबात पैसे कमी भरले तर ते त्याने भरायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरले तरी त्याला जाब द्यावा लागतो, हे बाहेर फारसं माहीत नसतं. जास्त आहेत म्हणजे कुणाचे तरी पैसे घेऊन तिकीट दिलेलं नाही असा संशय येतो. म्हणून ड्युटीवर निघताना खिशातली स्वतःची रक्कमही नोंदवून ठेवावी लागते. हे त्या घरात जेवताना कितीदा तरी बोललं गेलं असणार. तपासणीवाले मध्येच गाडीत चढले, अमक्याकडे सात रुपये जास्त निघाले, मग काय काय झालं. मुलीच्या डोक्यात जास्त म्हणजे लाभ असं नाहीच. जास्त म्हणजे घोटाळा.

या ठिकाणी मुलीच्या मनात काय चाललंय ते लिहायचा मोह फार होतो. ‘पप्पांनी आपल्यासाठी गुपचूप खाऊचे पैसे ठेवले होते, तिला भरून आलं.’ हे वाक्य खरंही असेल, पण ते तिचं नाही, माझं आहे. मुलाच्या नजरेतून लिहिताना त्याला जे दिसतं आणि जे ठाऊक आहे तेवढंच वापरायचं. मोठ्यांना जे उमगतं ते वाचणाऱ्यावर सोपवायचं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवून पहा. मोठ्या माणसांच्या जगातलं तो आपल्यापुढे सगळं आणून ठेवतो, पण त्याचा अर्थ तो त्याच्या वयाचाच लावतो, आणि म्हणून पानावर न लिहिलेला अर्थ आपल्याला लागतो. मी मुलीला एवढंच करू दिलं:

“तिने यादी पुन्हा वरपासून वाचली. मागची छापील बाजूही पाहिली. दहाला कुठेच ओळ नव्हती. पप्पा चुकत नाहीत. ‘आई, तू कंपासमध्ये पैसे ठेवलेस?’ ‘मी कशाला ठेवू? मला सांगतं का कोण काय.’”

आईचं ते उत्तर मी तीन वेळा बदललं. आधी ती ‘पप्पांनी ठेवले असतील’ म्हणत होती, आणि सगळंच फुटत होतं. आता ती तव्याकडे बघून तक्रार करते, आणि त्यात तिचंही थोडं येऊन जातं. आईला या विषयात कुणीच जागा देत नाही, हेही सांगून टाकते. बऱ्याच वह्यांमध्ये ती नुसती डबा भरत होती.

आता मुलगी काय करणार? नोट घेऊन जाणार की ठेवून जाणार? घेऊन गेली तर गोष्ट गोड होते. ठेवून गेली तर बापाची शिस्तच बापाच्या मायेवर उलटते. मी दुसरं निवडलं. बैठकीतल्या एका गृहस्थांना ते निर्दय वाटलं. मला ते मजेचंही वाटतं. दहा वाजता दमून घरी आलेल्या त्या माणसाला आपणच दिलेले दहा रुपये, आपल्याच पद्धतीने नोंद होऊन, परत जमा झालेले दिसतील. तो प्रसंग लिहा असा आग्रह झाला. लिहिला नाही. दहा वाजता मुलगी वर्गात आहे, तिला ते दिसत नाही, आणि सुरुवातीपासून आपण तिच्याच डोळ्यांनी पाहतो आहोत. शेवटच्या पानावर पाहणारं माणूस बदललं तर आधीची सगळी शिस्त वाया.

शेवट म्हणून एवढंच राहिलं:

“तिने आठव्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिलं: ‘कंपासखाली १० जास्त.’ नोट यादीवर ठेवली, त्यावर देव्हाऱ्याशेजारचा टॉर्च ठेवला, म्हणजे पंख्याने उडायची नाही. दप्तर पाठीला लावलं. ते इतकं हलकं होतं की फाट्यापर्यंत धावताना बाटली आत खडखडत राहिली.

गाडीला गर्दी नव्हती. वाहक अनोळखी होते. त्यांनी यंत्र हातात धरून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी विचारायच्या आतच तिने मूठ उघडून नाणं पुढे केलं.

‘एक अर्धं. सुटे आहेत.’”